वाळकी दिसणारी तुळस: छाटणी कुठे घ्यायची, मंजिरी कधी खुडायची

प्रश्न: आमच्या अंगणातली तुळस तीन वर्षांची आहे. मागच्या पावसाळ्यात कमरेएवढी, भरगच्च होती. तुळशीचं लग्न झालं आणि पानं गळत गेली. आता माघ संपत आलाय, तर खाली नुसतं लाकूड आहे आणि वर शेंड्यांना चार-चार पानं अन् वाळलेल्या मंजिऱ्या. रोज सकाळी गडूभर पाणी घालतो, बोरिंगचं. सासूबाई म्हणतात तुळशीला कात्री लावायची नसते. ती वाचेल का? (दर्यापूर तालुक्यातून)

उत्तर:

ताई, शेंड्यांना पानं आहेत म्हणजे मुळापासून वरपर्यंत पाणी अजून चढतं आहे. अशी तुळस बहुतेक वेळा सावरते. मात्र जे करायचं ते येत्या दोन-तीन आठवड्यांत करा. थंडी ओसरली आहे आणि चैत्रातलं ऊन अजून लागायचं आहे. आपल्याकडे तुळशीची मोठी छाटणी करायला वर्षातून दोनच वेळा चांगल्या: एक ही, आणि दुसरी मृग बरसून जमीन निवल्यावर. पौषातल्या थंडीत कापलेली फांदी फुटत नाही. वैशाखात कापली तर कोवळी फूट उन्हानं करपते.

आधी एक भीती काढून टाका. खोड लाकडासारखं होणं हा रोग नाही. तुळस झुडूप आहे. पहिल्या वर्षी तिची काडी हिरवी-जांभळी आणि चौकोनी असते, बोटांत फिरवून पाहिली तर चार कडा लागतात. पुढे तीच काडी गोल होते, तपकिरी साल धरते, कडक होते. वरचा सगळा पसारा त्या लाकडावर उभा असतो. तेव्हा बुंध्याचं लाकूड पाहून घाबरू नका आणि ते कापायलाही जाऊ नका. विचार करायचा तो पानं का गेली याचा. तुम्ही सांगता त्यावरून मोठं कारण मंजिऱ्यांचं दिसतं. त्यात थंडीची भर पडली, आणि पाण्याचीही थोडी शंका मला आहे.

मंजिरीचं नीट समजून घ्या, म्हणजे पुढे दरवर्षी कामाला येईल. तुळशीची मंजिरी फांदीच्या अगदी टोकाला येते. ज्या टोकातून नवी पानं निघायची तेच टोक फुलाचं होतं, आणि मग त्या फांदीची लांबी तिथेच थांबते. पुढे पानं यायची असतील तर ती खालच्या डोळ्यांतूनच येणार. तुळशीची पानं समोरासमोर जोडीनं असतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. म्हणजे एका पेऱ्यावर दोन डोळे. शेंडा वाढत असेपर्यंत हे डोळे निजून राहतात. शेंडा खुडला की त्या पेऱ्यातून दोन फांद्या निघतात. हरभऱ्याचे शेंडे भाजीला खुडले की झाड बसकं होतं आणि फांद्या वाढतात, हे तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असेल. तुळशीचं गणित तेच आहे.

मंजिरी तशीच ठेवली तर काय होतं? तिची फुलं खालून वर उमलत जातात. फूल गळलं की त्याच्या टोपडीत बारीक दाणे भरू लागतात, एकेका टोपडीत चारपर्यंत. एका मंजिरीवर अशा कितीतरी टोपड्या, आणि भरलेल्या झाडावर मंजिऱ्या तर मोजता येणार नाहीत. हा दाणा भरायला लागणारा सगळा रस झाड पानांतून काढतं. खालची, जुनी, सावलीतली पानं आधी पिवळी पडतात आणि गळतात. दरम्यान बगलेतले डोळे जागे होतात, पण पावसाळा सरता सरता झाडाचा कलच फुलाकडे असतो. म्हणून त्या छोट्या फांद्यासुद्धा दोन-तीन पानं धरून लगेच मंजिरीवर येतात. कार्तिकापर्यंत झाडावर नवं पान काढणारं टोक जवळजवळ उरत नाही.

त्याच सुमाराला आपली थंडी येते. विदर्भात डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री पारा १० अंशांखाली जातो, आणि तुळस उबेतली आहे, तिला ते सोसत नाही. उरलीसुरली पानं जांभळट होऊन गळतात. इतर वेळी गळालेल्या पानाच्या जागी नवं येतं. इथे नवं काढणारं टोकच नसतं, म्हणून फांदी उघडी पडते. तुमच्या तुळशीची पानं लग्नानंतर जात राहिली ती अशी. लग्नामुळे काही झालं असं मनात आणू नका. लग्न होईपर्यंत मंजिऱ्यांना कुणी हात लावत नाही आणि तोवर दाणे पिकतात, एवढाच त्याचा संबंध.

आता सासूबाईंचं. त्यांना डावलून काही करू नका. तुळस घरातली आहे आणि त्यांचा जीव तिच्यात आहे. आमच्याकडच्या जुन्या बायका तुळशीला लोखंड लावत नाहीत, एकादशीला, द्वादशीला, रविवारी आणि दिवेलागणीनंतर पान तोडत नाहीत. हे सगळं पाळूनही काम होतं. मंजिरी खुडायला कात्री लागतच नाही, ती बोटांनी निघते, आणि खुडलेली मंजिरी विठोबाला वाहायचीच वस्तू आहे. त्यांनाच सांगा, रोज चार मंजिऱ्या देवाला तुम्ही खुडून द्या. मेलेली फांदी हातानं कटकन मोडते. हत्यार लागेल ते फक्त चार-पाच जाड, जित्या फांद्यांना. त्या दिवशी आधी हळद-कुंकू वाहून, हात जोडून, मग छाटा. निघालेलं लाकूड उकिरड्यावर टाकू नका. सावलीत वाळवून फडक्यात बांधून ठेवा. त्याचे मणी होतात आणि वारकऱ्यांच्या घरात त्याला मान असतो. मी ज्या ज्या घरी हे असं समजावून सांगितलं, तिथल्या म्हाताऱ्यांनी पुढे स्वतः मंजिऱ्या खुडल्या.

छाटायच्या आधी जिती फांदी कुठवर आहे ते बघायचं. फांदीच्या टोकाकडून सुरुवात करा. नखानं सालीचा अगदी बारीक ओरखडा काढा, गव्हाच्या दाण्याएवढा पुरे. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी तिथे जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर टीचभर खाली सरकून पुन्हा बघा. कोरडी फांदी वाकवली की वाकत नाही, आवाज करून तुटते. अशा फांद्या जित्या भागापर्यंत काढून टाका. शेवटी बुंध्याजवळ, मातीच्या वर दोन बोटं, एक ओरखडा काढा. तो हिरवा असेल तर निर्धास्त राहा. तिथेच तपकिरी निघालं, खोड हलवल्यावर मातीत डुगडुगलं आणि मुळाशी कुजका वास आला, तर ती तुळस गेली असं समजा आणि शेवटी सांगितलेल्या रोपाच्या तयारीला लागा.

मग मंजिऱ्या. वाळलेल्या, अर्ध्या वाळलेल्या, नव्या, सगळ्या एकाच दिवशी काढा. नुसता तुरा ओढून दांडी ठेवू नका. मंजिरीच्या खाली पानांची जी पहिली चांगली जोडी असेल तिच्या जरा वर खुडा. पिकलेल्या तीन-चार मंजिऱ्या मात्र कागदात बांधून ठेवा, बियाण्याला.

आता मोठी छाटणी. बहुतेक जण इथेच घाई करतात. झाड उघडंबोडकं दिसतं म्हणून खालच्या लाकडापर्यंत एकदम कापून टाकतात, कडीपत्त्यासारखं पुन्हा फुटेल या आशेनं. तुळशीचं तसं नाही. जुन्या, पान नसलेल्या लाकडातले डोळे बरेचदा मेलेले असतात. वरची चार पानंही काढून टाकली तर मुळांना पोसायला काहीच उरत नाही आणि खोड उभ्या उभ्या वाळतं. म्हणून छाटणी दोन टप्प्यांत घ्यायची. पहिल्या टप्प्यात प्रत्येक जिती फांदी वरून साधारण एक तृतीयांश आखूड करा, आणि तीही सगळ्या फांद्या एकदम घेऊ नका. तुमच्या झाडाला चार मोठ्या फांद्या आहेत असं धरू. त्यातल्या दोन आत्ता घ्या. उरलेल्या दोन शेंड्याच्या पानांसकट राहू द्या, फक्त त्यांच्या मंजिऱ्या काढा. त्या दोन फांद्यांची पानं झाडाला तोवर जगवतील.

फांदीवर काप कुठे घ्यायचा? पान गळून गेलं तरी पेऱ्याची खूण राहते, फांदीभोवती एक बारीक कडं आणि दोन बाजूंना दोन टिकल्या. डोळ्याला भिंग लावायची गरज नाही, बोट फिरवलं की ते फुगीर लागतं. कुठे कुठे तिथे मोहरीएवढी हिरवी किंवा जांभळी टोकं आधीच दिसतील. असं टोक जिथे दिसेल त्याच्या वर करंगळीच्या नखाएवढं अंतर सोडून, धारदार कात्रीनं, जरा तिरपा काप घ्या. भोथऱ्या विळ्यानं साल चिरडते आणि फांदी तिथून खाली वाळत जाते. कापावर हळद चेपली तर चालेल, बहुतेक घरांत ती चेपतातच. नाही चेपली तरी बिघडत नाही. कोरड्या हवेत तो काप आपोआप बंद होतो.

दोन ते तीन आठवड्यांत कापाखालच्या पेऱ्यांतून हिरवं दिसायला हवं. ते बोटभर झालं, त्यावर पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या, की दुसरा टप्पा: राखून ठेवलेल्या दोन फांद्या तशाच आखूड करा. पहिल्या दोन फांद्यांवर अगदी खाली, बुंध्याच्या जवळ फूट आली असेल तर त्या फुटीच्या वरपर्यंत आणखी खाली यायला हरकत नाही. झाड बसकं करायचं असेल तर ते असं पायरीपायरीनं होतं. पाच आठवडे उलटूनही एखादी फांदी मुकी राहिली तर पुन्हा ओरखडा काढून बघा. हिरवी असेल तर तिला पावसापर्यंत वेळ द्या.

पाण्याकडे येते. तुमच्याकडची माती काळी, चिकण. ती ओली झाली की फुगते, हवा कोंडते, आणि वाळली की भेगा पडून बारीक मुळं तोडते. वावरात पऱ्हाटीला ती चालते कारण मूळ खोल जातं. वृंदावनाच्या हातभर खड्ड्यात तीच माती तुळशीला जड होते. त्यात पान नसलेल्या झाडाला पाणी फार कमी लागतं, कारण पाणी उडतं ते पानांतून. भरल्या झाडाला पावसाळ्यानंतर जे गडूभर पाणी बरोबर होतं तेच आता जास्त होत असणार. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पूजेचं पाणी चुकवायचं नसेल तर पळीभर घाला आणि बाकीचं वृंदावनाच्या पायथ्याशी सोडा. नवी फूट निघाली की हळूहळू वाढवा. एप्रिल-मे मध्ये मात्र सकाळी भरपूर आणि फार तापलं तर सूर्य कलल्यावर पुन्हा थोडं लागेल.

वृंदावनाला खाली भोक आहे का तेही बघा. सिमेंटची तयार वृंदावनं मिळतात त्यातल्या काहींना भोकच नसतं, किंवा असलं तरी ते मातीनं बुजलेलं असतं. गडूभर पाणी ओतून तासाभरानं वर तळं दिसत असेल तर निचरा नाही. मग सळईनं खालचं भोक मोकळं करा किंवा बाजूनं नवं पाडून घ्या. पूर्ण माती बदलण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका, छाटणी आणि मुळांची हलवाहलव एकाच वेळी झाली तर झाड दोन्हीकडून अडचणीत येतं. वरची दोन-तीन बोटं माती खुरप्यानं हलकेच काढा. तिथेच हळद-कुंकू, दुधाचा थर, साखर, अगरबत्तीची राख, दिव्यातलं सांडलेलं तेल असं वर्षाचं साचलेलं असतं. त्या थरानं पाणी आत मुरत नाही आणि गोडाला मुंग्या येतात. काढलेल्या मातीच्या जागी वाळू आणि चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत निम्मंनिम्मं भरा. पुढे हळद-कुंकू वृंदावनाच्या भिंतीला लावा आणि दिवा कोनाड्यात ठेवा. दिवा बुंध्याला टेकून ठेवलेल्या तुळशीची त्या बाजूची साल भाजलेली मी बऱ्याच घरी पाहिली आहे.

आणि आता बोरिंगचं पाणी. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी उडून जातं, खार मातीत राहतो आणि दर दिवसाच्या गडूनं तो वाढत जातो. पावसाळ्यात तो धुऊन खाली जातो, म्हणून तेव्हा तुळस हिरवीगार असते. हिवाळ्यात तो पुन्हा साचतो. ओळखायची खूण सोपी आहे: मातीवर किंवा वृंदावनाच्या कडेला पांढरी पापडी धरते, आणि पान कडेकडेनं तपकिरी होऊन आत करपत येतं, मधला भाग हिरवाच राहतो. थंडीनं गळणारं पान असं कडेनं करपत नाही, ते सबंध रंग बदलून गळतं. तुमच्या शेंड्यांवरची पानं हातात घेऊन हे एकदा तपासा. कडा करपलेल्या असतील तर तुळशीला नळाचं पाणी द्या, पिण्याचं जे येतं ते. एखाद्या सकाळी तेच पाणी दोन बादल्या, थांबून थांबून, खालच्या भोकातून वाहून जाईल इतकं घाला. खार त्याच्याबरोबर निघून जातो. निचरा असेल तरच हे करायचं, नाहीतर मुळं बुडतील. पुढच्या पावसाळ्यात पन्हाळीखालचं पाणी टाकीत धरून ठेवलंत तर तुळशीसाठी त्याहून चांगलं काही नाही.

खताची घाई करू नका. शेतकऱ्याच्या घरी युरियाचं पोतं हाताशी असतं आणि चिमूटभर टाकावंसं वाटतं. पानं नसलेल्या झाडाला ते झेपत नाही, मुळांची टोकं जळतात. वरच्या थरात घातलेलं शेणखत छाटणीपुरतं पुष्कळ आहे. फुटीला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की मग ओंजळभर गांडूळखत द्या आणि पावसाळ्यात महिन्याकाठी एकदा तेवढंच.

एप्रिल लागला की ऊन हीच मोठी गोष्ट. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि सिमेंटचं वृंदावन दुपारी हात लावू देत नाही. नव्या फुटीला सकाळचं ऊन हवं, दुपारचं नको. पश्चिमेच्या बाजूला चार काड्या रोवून जुनं लुगडं किंवा हिरवी जाळी बांधा, दुपारी बारापासून पुढचं ऊन अडेल अशी. मातीवर सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार दोन बोटं पसरा, फक्त बुंध्याला टेकवू नका. मृग आला की लुगडंही काढा आणि कुटारही, कारण पावसात तेच कुटार ओल धरून बुंधा कुजवतं.

आता मंजिरी खुडण्याचा नेम. नव्या फुटीला पानांच्या चार जोड्या झाल्या की तिचा वरचा कोवळा शेंडा, एक जोडीसकट, चिमटीत धरून खुडा. तेव्हा तिथे मंजिरी नसली तरी चालेल. खालच्या पेऱ्यातून दोन फांद्या येतील. त्या दोघींना चार जोड्या आल्या की पुन्हा. पावसाळ्यात झाड जोरात असतं, तेव्हा दोन वेळा खुडलं तरी एका काडीच्या चार होतात आणि खालच्या उघड्या लाकडावर पानांचं छत्र येतं. तुमच्या तुळशीचं लाकूड पुन्हा हिरवं होणार नाही, पण ते पानांआड झाकलं जाईल.

मंजिरी कोवळी असतानाच खुडायची. सुरुवातीला शेंडा जरा टोकदार होतो, पानं बारीक बारीक होत जातात आणि मधून गाठी-गाठींची काडी वर येते. ती बोटाच्या एका पेराएवढी असते तेव्हा अंगठा आणि तर्जनीत धरली की सहज तुटते, देठ ओला आणि करकरीत असतो. फुलं उमलली तरी चालेल. दाणे तपकिरी झाले मग मात्र खुडण्याचा निम्मा फायदा गेला, कारण झाडानं द्यायचा तो रस देऊन झालेला असतो. आठवड्यातून एक दिवस ठरवून घ्या, शनिवार म्हणा किंवा बुधवार, आणि झाडाभोवती एक फेरी मारा. श्रावणापासून कार्तिकापर्यंत आठवड्यातून दोनदा लागेल. एक-दोन मंजिऱ्या सुटल्या तर काही बिघडत नाही. मधमाश्यांनाही त्या आवडतात, म्हणून मागच्या बाजूची एखादी काडी मी मुद्दाम फुलू देते.

लग्नासाठी मंजिऱ्या हव्या असतात, त्याची सोय अशी करा. कोजागिरीनंतर झाडाच्या दर्शनी बाजूच्या दोन-तीन फांद्या खुडायच्या थांबा. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत ज्या दिवशी तुमच्याकडे लग्न लागतं तोवर त्यांच्यावर मंजिऱ्या छान भरतात आणि बाकीचं झाड पानांनी भरलेलं राहतं. लग्न झालं की दोन-चार दिवसांत त्याही खुडून देवाला वाहा. मग थंडीत मोठी छाटणी नाही, फक्त येईल ती मंजिरी काढायची, पाणी कमी, आणि फार गारठ्याच्या रात्री वरून एखादं सुती फडकं टाकायचं, सकाळी काढायचं.

कीड असेल तर वेगळं बघावं लागेल. तुमच्या वर्णनात ती दिसत नाही, तरी फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा थर आहे का बघा. कपाशीवर येतो तसाच पिठ्या ढेकूण तुळशीवर येतो आणि मुंग्या त्याच्या मागे असतात. ओल्या फडक्यानं पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब घालून सायंकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. कपाशीवरचं औषध तुळशीवर कधीही मारू नका. तिची पानं तीर्थात जातात, लेकरांच्या तोंडात जातात. एक गोष्ट जीव तोडून सांगते: वावरातला फवारणीचा पंप तुळशीसाठी वापरू नका, धुतलेला असला तरी. त्यातून तणनाशक मारलेलं असेल तर राहिलेला अंशही तुळशीला पुरतो. नवी पानं अरुंद, वळलेली, दोरीसारखी येऊ लागली तर कीड शोधत बसण्याआधी पंपाची आणि शेजारच्या धुऱ्यावर काय फवारलं त्याची चौकशी करा. हातातली छोटी फवारणीची बाटली वेगळी ठेवा, तुळशीपुरती.

तुमच्यासारखीच एक तुळस माझ्या रोपवाटिकेजवळच्या घरी होती, म्हणून तिचं कसं झालं ते सांगते. खोड अंगठ्याएवढं जाड, तीन फांद्या, त्यातली एक पूर्ण वाळलेली, दोन जित्या. महाशिवरात्रीच्या आसपास वाळकी फांदी मोडून काढली, एक जिती फांदी एक तृतीयांश छाटली, दुसरी पानांसकट ठेवली. पाणी रोजचं बंद करून बोट घालून बघायला लावलं. गुढीपाडव्याच्या सुमारास छाटलेल्या फांदीवर तीन ठिकाणी फूट होती, त्यातली एक वीतभर खाली, जुन्या लाकडावर. मग दुसरी फांदी छाटली. उन्हाळ्यात तिनं फारसं काही केलं नाही, मे महिन्यात तर महिनाभर एक पान वाढलं नाही आणि घरच्यांनी आशा सोडली होती. ओरखडा हिरवा होता म्हणून मी हात लावू दिला नाही. पहिले पाऊस झाले आणि तिन्ही फुटी धावल्या. आषाढात एकदा, श्रावणात एकदा शेंडे खुडले. गणपतीपर्यंत समोरून लाकूड दिसत नव्हतं. मागच्या बाजूला, वाळकी फांदी निघाली तिथे, रिकामी जागा राहिली ती राहिलीच. तिथे डोळा नव्हता, तो कुठून येणार.

हे सगळं नीट झालं तरी तिचं वय लक्षात ठेवा. तुळस साधारण तीन-चार वर्षं चांगली राहते, जपली तर थोडी जास्त. तुमची तीनची आहे. छाटणीनं तिला आणखी एक-दोन चांगले पावसाळे मिळतील. म्हणून तिच्या जागी बसणारं रोप आतापासून हाताशी असू द्या. कागदात बांधलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळा, फुंकर मारून फोल उडवा, बारीक तपकिरी दाणे उरतील. मार्चमध्ये किंवा मृगात पसरट कुंडीत वाळू मिसळलेल्या मातीवर ते भुरभुरा, वरून दिसेनासे होतील एवढीच माती चाळा आणि हातानं शिंपडून ओल ठेवा. उबेत आठ ते पंधरा दिवसांत उगवतात. किंवा पावसाळ्यात वृंदावनाच्या पायरीच्या फटीत, अंगणाच्या कडेला आपोआप उगवलेली रोपं बघा, ती तुमच्याच तुळशीची लेकरं असतात. पानांच्या तीन जोड्या झालेलं, बुटकं, जाड काडीचं रोप निवडा आणि सायंकाळी मातीच्या गोळ्यासकट वेगळ्या कुंडीत लावा. सहा जोड्या झाल्या की त्याचा पहिला शेंडा खुडा. पहिल्याच वर्षी खालपासून फांद्या धरलेलं झाड तिसऱ्या वर्षी असं उघडं पडत नाही.